हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला कसा काढायचा?

"वडील दहा दिवसांपूर्वी हॉस्पिटलमध्ये गेले. महापालिकेतून मृत्यू दाखला काढायचाय. अर्जात काय लिहावं लागतं आणि लोक कुठे चुकतात?"

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर त्याची खबर पालिकेला द्यायची जबाबदारी हॉस्पिटलची असते, तुमची नाही. त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. तुम्ही अर्ज करता तो झालेल्या नोंदीचा दाखला मिळवण्यासाठी. म्हणजे दाखल्यावर काय छापून येणार हे तुमच्या अर्जावर नाही, हॉस्पिटलने आधीच पाठवलेल्या माहितीवर ठरतं.

आणि नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे. वडील राहायला एका गावात आणि हॉस्पिटल दुसऱ्या शहरात असेल, तर दाखला त्या शहरातल्या पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातच मिळेल. आमच्या घरी आत्याच्या वेळी आम्ही हे विसरलो आणि आपल्याच वॉर्ड ऑफिसात दोन चकरा मारल्या. खिडकीवरचा माणूस शांतपणे रजिस्टर चाळून सांगायचा, "या नावाची नोंद नाही." नसणारच.

खरी अडचण पुढे आली. आत्याला रात्री दाखल केलं तेव्हा भरतीचा फॉर्म घाईत भाच्याने भरला. आधारवर, बँकेत सगळीकडे 'कुसुमावती', पण घरी सगळे म्हणायचे 'कुसुम', म्हणून त्याने तेच लिहिलं. कायमच्या पत्त्याच्या जागी स्वतःच्या घराचा पत्ता टाकला. हॉस्पिटलने तेच उचलून पालिकेला पाठवलं आणि दाखल्यावर तेच आलं. बँकेने कागद परत केला.

म्हणून पहिलं काम हे करा: हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जाऊन मृत्यूची माहिती पाठवली का, ते विचारा आणि त्यातला मजकूर दाखवायला सांगा. मृताचं पूर्ण नाव, वय, आईचं नाव, वडिलांचं किंवा पती-पत्नीचं नाव, मृत्यूसमयीचा पत्ता, कायमचा पत्ता, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, हे एकेक करून आधार कार्डाशी ताडून बघा. अजून पाठवलं नसेल तर तिथेच दुरुस्त होतं, कटकट संपली.

तारखेकडे जास्त लक्ष द्या. रात्री पावणेबाराला मृत्यू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यसंस्कार, असं असेल तर स्मशानाच्या पावतीवरची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. घरचे लोक अर्जात बऱ्याचदा हीच तारीख लिहितात आणि शोध घेताना नोंद सापडत नाही.

अर्जाचं म्हणाल तर तो सोपा आहे. मृताचं नाव, मृत्यूची तारीख व ठिकाण, हॉस्पिटलचं नाव, अर्जदाराचं नाव, नातं आणि किती प्रती हव्यात, एवढंच. सोबत मृताच्या आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत, हॉस्पिटलचा डिस्चार्ज किंवा मृत्यूचा कागद ठेवा. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर तो लिहा, शोध लवकर लागतो. प्रती मात्र एकदाच जास्त घ्या. बँक, विमा, पेन्शन, घराचे कागद, जो तो मूळ प्रत बघायला मागतो.

चूक छापून आलीच, तर नवा दाखला मिळवायला नवी नोंद करायला जाऊ नका; एका मृत्यूच्या दोन नोंदी झाल्या तर गुंता वाढतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधक त्याच नोंदीत दुरुस्ती करतो. मूळ मजकूर खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात. साधी लेखनाची चूक असेल तर खात्री पटल्यावर होते. मजकूरच चुकीचा असेल तर खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं लेखी निवेदन लागतं. आत्याच्या बाबतीत आम्ही तिचं आधार, जुनं पासबुक आणि दोन शेजाऱ्यांची निवेदनं दिली, शिवाय हॉस्पिटलचं पत्र. त्यावर नाव आणि पत्ता दोन्ही सुधारले.

एक उलटी अपेक्षाही असते. दाखल्यावर मृत्यूचं कारण दिसत नाही, आणि लोक त्यावरून खिडकीवर वाद घालतात. कायद्यानेच ते दाखल्यावर देता येत नाही. विमा कंपनीने कारण मागितलं तर डॉक्टरच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत हॉस्पिटलकडून घ्या.

तुमचे दहाच दिवस झालेत, म्हणजे हॉस्पिटलची मुदत अजून चालू आहे. उद्या सकाळी पालिकेच्या आधी तिकडे जा, वडिलांचं आधार कार्ड खिशात ठेवून.