चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस, बारा पोरं आणि हात आखडता

प्रश्न : कोल्हापुरात राहतो. मुलगा चार वर्षांचा होतोय, बारा मुलं बोलवायची आहेत, पण बजेट फार कमी आहे. कसं करावं?

हॉल, मॅजिक शो आणि रिटर्न गिफ्ट हे तिन्ही काढून टाका. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर संध्याकाळी साडेचार ते सहा एवढाच वेळ ठेवा आणि आमंत्रणातच तो लिहा. दुपारची झोप झालेली असते आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत सगळे घरी जातात, त्यामुळे नाश्त्यावर भागतं.

आम्ही मुलीच्या वेळी सगळा कार्यक्रम शाडूवर बेतला होता. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीचं काम चालतं, तिथे शाडू मिळतो. तीन किलो कोरडा शाडू बारा जणांना पुरून उरतो. आदल्या रात्री थोडं थोडं पाणी घालून तो चपातीच्या कणकेएवढा मळायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. बोटाला चिकटला तर पाणी जास्त झालंय, गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर कमी. सकाळी परत एकदा मळून लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करा. प्रत्येकाला जुन्या खोक्याचा एक पुठ्ठा द्या, त्यावर आधीच नाव घाला. कुणी साप करतं, कुणी पोळपाट-लाटणं, आणि अर्धा तास सहज जातो. पुठ्ठ्यासकट ते घरी न्यायचं, हेच रिटर्न गिफ्ट. आयांना एवढंच सांगा की उन्हात ठेवू नका, सावलीत वाळू द्या, नाहीतर तडकतं. हात मात्र बादलीतच धुवायचे आणि ते पाणी झाडांना घालायचं. बेसिनमध्ये गेलं तर गाळ बसून पाईप तुंबतो.

संगीत खुर्ची नको. या वयात बाद झालेलं पोर रडतं आणि मग दोन-चार जण सोबतीला रडतात. फुगे लावलेत तर फुटलेले तुकडे लगेच उचला, पोरं तोंडात घालतात आणि ते घशात अडकतात.

केक शेवटी, साडेपाचला. आधी दिसला तर शाडूला कुणी हात लावणार नाही. आजीने औक्षण केलं की लगेच कापायचा. एक किलो पुरतो, कारण पोरं क्रीम चाटतात आणि बाकीचा तसाच ठेवतात.

खाण्याचा हिशेब करताना बारा नाही, पंचवीस माणसं धरा. या वयाचं पोर एकटं येत नाही, आई येते, कुणाचं धाकटंही येतं. पोरांना दोन-दोन छोट्या इडल्या आणि केळं बास. मोठ्यांना अर्धा किलो चुरमुऱ्यांचं घरचं भडंग आणि चहा. भडंगाची परात मात्र पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. तिखटाचं एक वेळ चालेल, पण पळता पळता तोंडात टाकलेला शेंगदाणा या वयात श्वासनळीत जाऊ शकतो.