एआयने लिहिलेला माहिती अधिकाराचा अर्ज

प्रश्न: रस्त्याच्या कामाबद्दल एआयकडून अर्ज लिहून घेतला. तसाच देऊ का?

उत्तर: नको. आधी "जागरूक नागरिक या नात्याने" वगैरे पहिला परिच्छेद खोडा. कलम ६(२) नुसार कारण द्यावं लागत नाही, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो.

मग "रस्ता निकृष्ट का झाला?" असले प्रश्न शोधा. एआय ते हमखास घालतं, पण कायद्याने मिळतात ती कागदपत्रं, खुलासे नव्हेत. त्याऐवजी कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा. रस्त्याचं नाव, वर्ष स्वतः घाला.

कलमांचे आकडे मूळ कायद्याशी ताडून बघाच. माझ्या मसुद्यात पहिल्या अपिलासाठी कलम १८ आलं होतं, खरं १९(१) आहे.