संचिकेवरून प्रगती कशी ठरवावी?

सहावीच्या संचिकेत कुणाचे निबंध, कुणाची चित्रे. मग सर्वांना न्याय कसा द्यायचा?

चित्र आणि निबंध एकमेकांशी न तोलता, प्रत्येक मुलाचे एकाच प्रकारचे दोन नमुने घ्यावेत. आमच्या कोल्हापुरातील वर्गात एका मुलीने जूनमध्ये रंकाळ्यावर चार तुटक वाक्ये लिहिली होती. जानेवारीत, तेवढ्याच वेळात, पंचगंगेच्या घाटाचे वर्णन तिने क्रमाने केले, शुद्धलेखनाच्या चुका मात्र तशाच राहिल्या. म्हणून मांडणीतील प्रगती आणि शुद्धलेखन यांची नोंद स्वतंत्र केली. प्रत्येक नमुन्यामागे तारीख व मिळालेली मदत लिहावी, कारण घरून सजून आलेला प्रकल्प बहुधा पालकांचीच प्रगती दाखवतो. तारखा झाकून दुसऱ्या शिक्षकांनाही ते वाचायला द्यावेत. नंतरचा नमुना कोणता, हे त्यांना ओळखता आले नाही, तर आपला शेरा पुन्हा तपासावा.