पैसे भरण्याआधी डाउनलोड आहे का बघ

स्पॉटिफायच्या मोफत प्लॅनमध्ये मोबाईलवर पुढचं गाणं लागेना, तर अ‍ॅप बिघडलेलं नसतं. त्या तासाचे स्किप संपलेले असतात, थोड्या वेळाने परत मिळतात. म्हणून सुरुवातीलाच ते उधळू नकोस. शफल सक्तीचं असेल तर अभंगांचा अल्बम उलटसुलट लागतो, मला तरी ते सोसत नाही. तो कॉम्प्युटरवर ऐक. तिथे मोफतमध्येही गाणी क्रमाने वाजतात, जाहिराती मात्र येतातच.

पैसे भरल्याचा फायदा मुंबईला जाताना कसारा घाटात कळेल. रेंज गेली तरी डाउनलोड केलेली गाणी चालू राहतात. फक्त 30 दिवसांत एकदा तरी नेट लावायचं. आणि सगळ्यांत स्वस्त प्लॅनमध्ये डाउनलोड नसूही शकतं, ते आधी वाच.