दोघींच्या मधली तिसरी

"माझ्या दोन जिवलग मैत्रिणींचं बिनसलंय. दोघी रोज मलाच फोन करून एकमेकींबद्दल बोलतात, वर 'तिला सांगू नकोस' म्हणतात. मी मध्ये पडू की गप्प बसू?"

नौपाड्यातल्या एका तरुणीची हीच तक्रार होती. एक मैत्रीण कळव्याची, दुसरी ऐरोलीची. अलिबागला जायचं ठरलं, कळव्याचीने तिघींचे मिळून ६,००० रुपये आगाऊ भरले, ऐरोलीचीने आदल्या रात्री 'जमत नाही' असा मेसेज टाकला. पैसे बुडाले.

आमची नौपाडेकर स्वभावाने गोड. कळव्याचीला तिने परस्पर सांगून टाकलं, "तिलाही वाईट वाटतंय गं." ऐरोलीची असं काही बोललीच नव्हती. कळव्याची माफीच्या फोनची वाट बघत राहिली, तो आला नाही आणि राग दुप्पट झाला. निरोप्याच्या पदरचे दोन शब्द असे महागात पडतात.

नुसतं ऐकून घेतल्याने मन मोकळं होतं, हेही अर्धंच खरं. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या २००२ सालच्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे, गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले राहिले. रोजच्या फोनवर तेच चाललेलं असतं. ओळखायचं कसं? तीच गोष्ट तिसऱ्यांदा, त्याच शब्दांत आली आणि नवा तपशील एकही नसला, की समजायचं.

मी तिला दोघींना एकच वाक्य सांगायला लावलं: "ती पण माझ्याशी बोलते, तुझं तिला नि तिचं तुला मी सांगणार नाही, पण तिला काय सांगायचं ते ठरवायला मदत करेन." हे कळल्यावर 'सांगू नकोस'ला अर्थच उरत नाही. ऐरोलीची आठवडाभर रुसली. ते होतंच.

मग 'काय सांगायचं' हे ठरवताना खरं दुखणं निघालं. कळव्याचीला पैशांपेक्षा तो रात्रीचा मेसेज लागला होता. फोन करावासाही वाटला नाही का, हा तिचा प्रश्न. ऐरोलीचीच्या सासऱ्यांना त्या रात्री अ‍ॅडमिट केलं होतं आणि कुणी विचारलंच नाही, हा तिचा राग.

भेट कुणाच्या घरी नको, म्हणून तलावपाळीवर. नियम एकच: एकीने बोलायचं, दुसरीने उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. तिसरीने फक्त एवढं होतंय ना, ते बघायचं आणि अर्ध्या तासाने काढता पाय घ्यायचा. पैशांचा हिशेब दोघींनीच केला: ऐरोलीचीने ३,००० दिले.

मात्र एकीला भेटायचंच नसेल तर ओढून नेऊ नका. आणि भांडणात धमकी, मारहाण किंवा 'जगावंसं वाटत नाही' असं काही आलं, तर गुप्ततेचं वचन तिथेच संपतं. घरच्यांना किंवा डॉक्टरांना लगेच सांगायचं.