जर्मनीत नर्सिंगच्या ऑसबिल्डुंगसाठी बी१ पुरेल की बी२ करावं?

प्रश्न: "मी यावल तालुक्यातली, बारावी सायन्स झालीय. जर्मनीत नर्सिंगची ऑसबिल्डुंग करायची आहे. एजंट म्हणतो ए२ झालं की पाठवतो, जळगावच्या क्लासमधले सर म्हणतात बी२ शिवाय फॉर्मच भरू नको. मैत्रीण म्हणते त्यापेक्षा जपानचं एन५ कर, लवकर होतं. नक्की कोणती लेव्हल करू?"

ताई, मीही रावेरकडची, आणि सध्या श्टुटगार्टजवळच्या एका गावात हीच ऑसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. जर्मन भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात, तुम्ही बी२ धरूनच चाला. पण वाटेत बी१ ची परीक्षा देऊन ते प्रमाणपत्र हातात घ्या, थेट बी२ वर उडी मारू नका.

ए२ ची गोष्ट एजंटाने हवेतून काढलेली नाही, म्हणून ती खरी वाटते. जी मुलगी आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून बसलीय, तिला तिथल्या मालकाशी करार करून ए२ वर जाता येतं, असा एक व्हिसा आहे. ती तिथे जाऊन आपली पदवी मान्य करून घेते. पण नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवताना तिलाही साधारण बी२ दाखवावंच लागतं. तुम्ही बारावी आहात, म्हणजे तुमचा व्हिसा वेगळा, शिकाऊ उमेदवाराचा. त्याला नियमाने बी१ लागतं. त्यातून सूट दोनच प्रकारे मिळते: शिकवणाऱ्या संस्थेने तुमची भाषा स्वतः तपासून पुरेशी आहे असं लिहून दिलं, किंवा ऑसबिल्डुंगच्या आधी तिथेच भाषेचा कोर्स ठरलेला असला. एजंट ए२ म्हणत असेल तर यातलं कोणतं, हे त्याच्याकडून कागदावर घ्या. तोंडी उत्तरावर पैसे देऊ नका.

मग व्हिसा बी१ वर मिळतो, तर बी२ चा हट्ट कशाला? एक कारण म्हणजे बहुतेक हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रम जाहिरातीतच बी२ लिहितात. दुसरं कारण मी अंगावर काढलंय. ही ऑसबिल्डुंग तीन वर्षांची असते, त्यात वर्गातले तास किमान २१०० आणि वॉर्डातले किमान २५००. वर्गात पहिल्या आठवड्यापासून शरीररचना, औषधं, कायदा, सगळं जर्मनमधून. शेवटी सरकारी परीक्षा असते, तिच्यात दोन-दोन तासांचे तीन लेखी पेपर, वेगळी तोंडी आणि वॉर्डात प्रात्यक्षिक. आणि पहिले सहा महिने प्रोबेशनचे. त्या काळात नोटीस न देता करार मोडता येतो. बी१ वर आलेल्या मुलीला भाषा सुधारायला मिळतात ते हेच सहा महिने, आणि ते सकाळच्या ड्युट्यांत निघून जातात.

शिवाय बी१ च्या ऑडिओत जर्मन स्वच्छ असतं. वॉर्डातल्या आजी तसं बोलत नाहीत. पुण्याच्या माणसाला आपल्या आजीची अहिराणी जेवढी कळेल, तेवढंच मला सुरुवातीला इथल्या आजींची श्वेबिश बोली कळायची. दुखतंय की चक्कर येतेय, एवढं समजायलाही सहकारीणीला हाक मारावी लागे. पण बी२ चं भांडवल होतं म्हणून निदान पुन्हा विचारायची हिंमत होती.

आता परीक्षेबद्दल, कारण मुलींचे पैसे इथे जास्त वाया जातात. मी आधी एका क्लासमध्ये बी१ "पास" झाले होते. छान रंगीत प्रमाणपत्र मिळालं, घरी पेढे वाटले. व्हिसाच्या कागदपत्रांची यादी बघितली तेव्हा कळलं की ते त्या क्लासचं स्वतःचं होतं, त्याला दूतावासात किंमत नाही. चालतात ती गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षांची. क्लासला पहिला प्रश्न हाच विचारा: परीक्षा कोण घेणार, आणि प्रमाणपत्रावर कोणाचं नाव असणार?

मग मी मॅक्सम्युलर भवनला गोएथेची बी१ दिली. तिचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येक भाग १०० गुणांचा, पास व्हायला प्रत्येकात ६० हवेत. सरासरी चालत नाही. मला वाचनात ७३, लिहिण्यात ६८, बोलण्यात ७१ पडले आणि ऐकण्यात ५३. म्हणजे ३० पैकी १६ प्रश्न बरोबर, १८ लागत होते. पण बी१ आणि बी२ ला हे भाग सुटे देता येतात, त्यामुळे मी फक्त ऐकणं पुन्हा दिलं. तुम्ही ए१, ए२ ची गोएथे दिली तर ही सोय नाही, तिथे पूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागते. माझी चूक सरावात होती. घरी प्रत्येक ऑडिओ चार वेळा ऐकायची सवय लागली होती, आणि ऐकण्याच्या पेपरातल्या चारपैकी दोन भाग एकदाच वाजतात.

वेळेचा हिशेब असा करा. शून्यापासून बी१ ला गोएथे ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास सांगते, बी२ ला ६०० ते ८००. रोज तीन तास, आठवड्यातले सहा दिवस क्लास केला तर आठवड्याला असे २४ तास होतात. ७०० तासांना २९ आठवडे, म्हणजे सात महिने नुसते शिकवण्याचे. सण, उजळणी, परीक्षेची तारीख मिळणं, एखादा भाग पुन्हा देणं धरलं की दहा महिने ते वर्ष. "सहा महिन्यांत बी२" म्हणणाऱ्याला हाच हिशेब मांडून दाखवायला सांगा. बी१ हातात आल्याबरोबर अर्ज पाठवायला लागा आणि मुलाखतीत बी२ च्या परीक्षेची तारीख सांगा. जर्मनीतल्या संस्था ही तारीख विचारतातच.

जपानचं थोडक्यात सांगते. एन५ ही जपानीची सगळ्यात खालची लेव्हल, तिच्यावर तिथे केअरगिव्हरचं टोकुतेई गिनो, म्हणजे कुशल कामगाराचा व्हिसा, मिळत नाही. त्याला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषा परीक्षा लागते, शिवाय कामाची कौशल्य परीक्षा आणि केअरगिव्हिंगची वेगळी जपानी भाषा परीक्षा. जेएलपीटी आपल्याकडे वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरमध्ये. तिच्यात बोलण्याचा पेपर नाही, म्हणून एन४ पास होऊनही मुली मुलाखतीत अडकतात. जेएफटी संगणकावर होते, २५० पैकी २०० लागतात आणि निकाल त्याच दिवशी दिसतो. पण त्या व्हिसावर साधारण पाच वर्षंच राहता येतं, कुटुंब नेता येत नाही, आणि तिथे तुम्ही नर्स नव्हे, केअरगिव्हर असता. तुम्हाला नर्सच व्हायचं असेल तर एन५ चे महिने जर्मनच्या ए१ ला द्या.

तुमच्या एजंटाने करार दिला असेल तर त्यातला "श्प्राखनिव्हो", म्हणजे भाषेची पातळी लिहिलेला, मुद्दा शोधा आणि इथे खाली टाका. नाव-पत्ता झाकून टाका. मी वाचून सांगते.