दादाच्या कर्जाला जामीन राहण्याआधी

नागपूर

प्रिय मुली,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तर्री-पोह्यांचा ठेला सोडून गाळ्यात दुकान टाकायला दादाला, म्हणजे तुझ्या मावसभावाला, पतसंस्थेतून ३ लाखांचं कर्ज हवं आहे आणि त्याला जामीनदार म्हणून तुझी सही हवी आहे. बुटीबोरीची तुझी नोकरी कायम झाली आणि तुझ्या पगाराच्या पावतीला किंमत आली, म्हणून सगळ्यांची नजर तुझ्याकडे वळली. तू विचारतेस, "नाही म्हटलं तर करुणा कुठे राहिली? हो म्हटलं तर माझं काय? मग मध्यम मार्ग म्हणून दीड लाखापुरतं जामीन राहू का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. मध्यम मार्ग म्हणजे दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागणं नव्हे. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात भगवंतांनी दोन टोकं सांगितली, कामसुखात बुडणं आणि देह झिजवणं. पण त्यावर उपाय म्हणून थोडं सुख नि थोडा क्लेश घ्या, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी अष्टांगिक मार्ग सांगितला आणि त्यात पहिली ठेवली सम्यक दृष्टी. म्हणजे आधी जे आहे ते नीट बघायचं. दीड लाखाच्या जामिनाने तुझी भीती निम्मी होईल, दादाचं दुःख मात्र तू अजून पाहिलेलंच नाही.

तुझ्यापुढची दोन टोकं वेगळीच आहेत. मावशीचे डोळे भरून आले म्हणून सही करणं हे एक, आणि "ज्याचं कर्म त्याच्यापाशी" म्हणून हात झटकणं हे दुसरं. बुद्धघोषांनी विशुद्धिमग्ग या ग्रंथात ब्रह्मविहारांचे, म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचे, जवळचे शत्रू सांगितले आहेत. इथे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, समतोल मन. जवळचा शत्रू त्या गुणासारखाच दिसतो, म्हणून ओळखू येत नाही. करुणेचा जवळचा शत्रू म्हणजे शोक, आणि उपेक्षेचा म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ओळखायची खूण अशी: दादाचं बोलणं ऐकून झाल्यावर तुझ्या मनात "त्याला नेमकं काय लागेल?" हा प्रश्न येतो, की "हे माझ्या छातीवरचं ओझं कधी उतरेल?" हा? दुसरा येत असेल, तर तू त्या क्षणी स्वतःलाच सोडवू पाहते आहेस. सही करूनही सोडवता येतं आणि फोन न उचलूनही. दोन्हींत दादा जिथल्या तिथेच राहतो.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालायला सांगितली आहे. त्यातली प्रज्ञा इथे वही-पेन घेऊन बसते. तेव्हा तूही दादासोबत बस आणि चार आर्यसत्यांच्या क्रमानेच विचार: दुःख काय आहे, कशामुळे आहे, ते थांबेल का, कशाने थांबेल.

तू पत्रात लिहिलेले आकडे मी मांडून पाहिले. ३ लाखांतले ९०,००० गाळ्याच्या डिपॉझिटला, ७०,००० फ्रीज, भट्टी आणि भांड्यांना. उरलेले १,४०,००० जुनी देणी फेडायला. त्यात भिशी उचलली त्याचे ४०,०००, हातउसने ४०,००० आणि एका सावकाराचे ६०,०००, शेकडा ५ रुपये महिना दराने. म्हणजे कर्ज दुकानासाठी आहे असं सगळे म्हणतात, पण जवळजवळ अर्धं कर्ज कर्ज फेडायलाच आहे. आणि सावकाराला दर महिन्याला ३,००० नुसतं व्याज जातं, मुद्दल तसंच राहतं. दादाच्या दुःखाचा समुदय, म्हणजे त्याचं मूळ, तिथे आहे. तर्री-पोह्यांचा ठेला त्याला कारण नाही.

आता पुढचं बघ. ३ लाख, १४ टक्के, ३६ महिने, म्हणजे हप्ता साधारण १०,२५० येतो. गाळ्याचं भाडं ८,०००. दोन्ही मिळून १८,२५०. आणि ठेल्यावर सगळा माल-खर्च जाऊन त्याच्या हाती राहतात १८,०००. जुन्या देण्यांचा ताण सुटेल हे खरं, गाळ्यात गिऱ्हाईक वाढेल हेही शक्य आहे. पण हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो आणि गिऱ्हाईक सावकाश जमतं. मधल्या काळात घरात काय शिजेल? तो पुन्हा त्याच सावकाराच्या दारात जाईल.

आपल्या मुलाला, राहुलाला, भगवंतांनी सांगितलेली कसोटी इथे लाव. काहीही करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर विचारायचं: याने मला पीडा होईल का, दुसऱ्याला होईल का, दोघांना होईल का? तू फक्त पहिल्या भागाला उत्तर दिलंस, "माझं काय?" आणि त्याची तुला लाज वाटली. लाज वाटायचं कारण नाही, त्या कसोटीत स्वतःची पीडा पहिलीच धरली आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दादाकडे आधी जा, मग माझ्याकडे या, असं तुला सहसा म्हणता येत नाही. पगार-कपातीच्या संमतीपत्रावर सही असेल तर रक्कम थेट पगारातून कापली जाते. आणि एकदा कर्ज वाटलं गेलं की "माझं नाव काढा" हे चालत नाही. पण तू दुसरा भाग सोडून दिलास: हे कर्ज दादालाच पीडा देणार आहे. म्हणून इथे नकार हा करुणेच्या आड येत नाही. त्याच्या भल्याकडे पाहिलं तरी नकारच निघतो.

तुझी मर्यादा किती, हेही ठरवायला हवं. सिगाल नावाच्या गृहस्थाला भगवंतांनी दिलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, आणि "चतुत्थञ्च निधापेय्य, आपदासु भविस्सति", चौथा आपत्तीसाठी राखून ठेवायचा. पगारदार माणसाचे पहिले तीन भाग इकडचे तिकडे होतात, घर चालवायचं असतं, शिकायचं असतं. चौथा मात्र हलवायचा नाही. तुझ्या २८,००० मध्ये तो ७,००० होतो, आणि घरी १२,००० देऊन, स्वतःवर ९,००० खर्चून तुझ्याकडे उरतात तेही तेवढेच. १०,२५० चा हप्ता अंगावर आला तर तू स्वतः कर्जात जाशील. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात अनणसुख म्हणजे ऋण नसण्याचं सुख स्वतंत्र मोजलं आहे. एका घरातलं ऋण दोन घरांत नेणं हे कुणाच्याच दुःखाचं निवारण नाही.

म्हणून जामीन कधीच राहू नये असं मी म्हणत नाही. हप्ता तुझ्या चौथ्या भागात पूर्ण मुदतभर बसत असेल आणि पैसा कशाला लागतो ते तू कागदावर पाहिलं असेल, तर राहायला हरकत नाही. दादाच्या या कर्जात दोन्ही अटी मोडतात.

मग करायचं काय? सावकारापासून सुरुवात. तुझ्या साठवलेल्या ६५,००० पैकी २०,००० दे. आकडा ठरवताना एकच बघ: हे परत आले नाहीत तरी मी त्याच्या घरी मोकळ्या मनाने जेवायला जाईन का? ज्या रकमेवर मन अडखळेल, ती देऊ नकोस. वर्षभर तू त्याच्या नव्या मोबाईलकडे डोळे लावून बसशील आणि उसन्यापेक्षा ते जास्त कडू होईल. पैसे दादाच्या हाती सोडू नकोस, सोबत जा, मुद्दलात जमा करवून घे, लेखी पावती घे. अशा सावकारांकडे बहुतेकदा सही केलेला कोरा चेक असतो. तो दिला आहे का ते दादाला आधीच विचार आणि चेकचा नंबर टिपून ठेव. मुद्दल ४०,००० वर आलं की व्याज महिना २,००० होतं, आणि वाचलेले १,००० पुन्हा मुद्दलात टाकायचे. सावकाराकडे परवाना नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने तो गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. ती करायची की नाही हे दादाने ठरवायचं, त्याच गल्लीत त्याला राहायचं आहे.

ठेला सध्या ठेलाच राहू दे. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजनेत जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. पहिली रक्कम लहान असते, वेळेवर फेडली की पुढचा टप्पा मोठा मिळतो. मनपाचं फेरीवाला प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का, एवढं विचारून घे. त्याला गाळ्यापर्यंत याच वाटेने जाता येईल, उशिरा का होईना.

आता बोलायचं कसं. "माझं सिबिल खराब आहे" हे सांगायचा मोह होईल. सांगू नकोस. मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, तर आहेच, पण व्यवहारातही हे खोटं टिकत नाही. सहा महिन्यांनी तू गाडी हप्त्यावर घेशील आणि सगळं उघडं पडेल, किंवा दादा म्हणेल, "ठीक आहे, सिबिल सुधारलं की सही कर." खोट्या कारणाला कुणीतरी उपाय काढतोच. अभयराजकुमाराला भगवंतांनी विचारलं होतं, बाळाने तोंडात खडा घातला तर काय करशील? तो म्हणाला, रक्त निघालं तरी काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. खरं आणि हिताचं बोलणं अप्रिय असलं तरी तथागत बोलतात, मात्र योग्य वेळ पाहून.

तुझी वेळ मावशीसमोरची नाही, वहिनीसमोरची तर मुळीच नाही. दुपारी ठेला आवरल्यावर तो एकटा असतो, तेव्हा जा. आकड्यांचा कागद सोबत ने आणि पहिलं वाक्य नकाराचंच ठेव: "दादा, मी जामीन राहणार नाही. पण सावकाराचं ओझं कमी करायला मी तुझ्यासोबत आहे." मदत आधी सांगून नकार शेवटी ठेवलास तर तो ऐकत असताना सहीचीच वाट बघेल. पंचशील, प्रतिज्ञा, सुत्तं यातलं काही त्याच्यासमोर काढू नकोस. ती तुझ्या निर्णयासाठी आहेत. अडचणीतल्या माणसाला धम्म ऐकवला की त्याला तो उपदेश न वाटता हिणवणं वाटतं.

तो चिडेल. कदाचित काही महिने बोलणारही नाही. त्या काळात उपेक्षा उपयोगी पडते, पण खरी: राग धरायचा नाही, सही करून रुसवाही काढायचा नाही, आणि नेहमीसारखं घरी जायचं. मावशीने विचारलं तर जेवढं दादाला सांगितलंस तेवढंच सांग, सावकाराची गोष्ट त्याने घरी सांगितली नसेल तर ती तुझ्या तोंडून जाऊ नये. तीन महिन्यांनी राहुलाच्या कसोटीतला "केल्यानंतर"चा प्रश्न विचार: मुद्दल खरंच उतरलं का ते पाहा. उतरलं नसेल तर पुढचे पैसे देऊ नकोस, आधी का उतरलं नाही ते त्याच्याबरोबर बसून शोध.

पतसंस्थेचा अर्ज सोमवारी आत जाणार असं तू लिहिलंस. दादाने तुझं नाव त्यात घालण्याआधी, म्हणजे शनिवारीच त्याला भेट.

तुझी,
विहारातली ताई